रिकाम्या फ्लॅटची डीप क्लीनिंग: तीन माणसं, मोजकं सामान, आणि वाळल्यावर परत येणारा पांढरा थर

पाऊलखूण
नमस्कार मंडळी. मी आणि माझा मावसभाऊ मिळून नव्या आणि रिकाम्या केलेल्या फ्लॅटची साफसफाई करायचं काम सुरू करतोय. मदतीला एक मुलगा आहे, म्हणजे एकूण तिघं. सामान मोजकंच: एक ओला-सुका व्हॅक्युम, दोन शिड्या, बादल्या, मायक्रोफायबरची फडकी, काचेचा वायपर, ब्लेडची पट्टी. भांडवल कमी, म्हणून मोठी मशिनं घेतलेली नाहीत.

ओळखीतल्या एका नव्या फ्लॅटचं काम घेतलं. दोन बेडरूम, आतलं मोजमाप साधारण ६०० चौरस फूट, सगळीकडे पॉलिश केलेली व्हिट्रिफाइड लादी. फरशी तीनदा पुसली. ओली असताना आरशासारखी दिसते. वाळली की पांढरट धुकं परत हजर! मालक म्हणतात, ‘तुम्ही पुसलंच नाही’. भाऊ म्हणतो, फरशी घासायचं मशिन घेतल्याशिवाय हे काम व्हायचं नाही. मशिन खरंच लागतं का? की आमच्या पद्धतीतच काही राहतंय?

एक_घाव
मशिन वगैरे काही नको. हार्डवेअरच्या दुकानातून ॲसिडची बाटली आणा, पाण्यात घालून फरशीवर ओता, खराट्याने घासा. दोन मिनिटांत लखलखीत. तो पांढरा थर म्हणजे लाद्यांच्या सांध्यांत भरलेल्या ग्राऊटचं सिमेंट आहे, सिमेंटला ॲसिडच लागतं. आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांनी असंच केलंय.

आरामखुर्ची
चांगला उपक्रम, शुभेच्छा! आमच्याकडे सोफ्यावर चहा सांडून डाग पडलाय. तुम्ही सोफा घरी येऊन धुता का? व्हॅक्युम आहे म्हणताय म्हणून विचारलं.

पाऊलखूण
@आरामखुर्ची, नाही हो, आम्ही फक्त रिकामे फ्लॅट करतो. सामानात हात घालायचा नाही असंच ठरवलंय.

@एक_घाव, ॲसिडची भीती वाटते. बाथरूमचे नळ नवे कोरे आहेत.

मंजिरी_४२
भीती वाटते तर ऐका तिचं! आमच्या घराचा ताबा घेतल्यावर मी एका टोळीला साफसफाईला बोलावलं होतं. त्यांनी असंच ॲसिड सगळीकडे फिरवलं. फरशी निघाली चांगली. पण खिडकीची संगमरवरी पट्टी आणि बाथरूमचा उंबरठा कायमचे मेले. हात फिरवला तर खरखरीत लागतं, आणि मगाचा तळ टेकला होता तिथे तेवढंच गोल कडं चकचकीत उरलंय. शिवाय आठवड्याभरात सिंकवर तपकिरी ठिपके आले आणि कपाटांच्या बिजागऱ्यांना गंज चढला. कपाटांना तर कोणी ॲसिड लावलंही नव्हतं! ते कसं झालं ते मला अजून कळलेलं नाही.

स्वच्छंद_काकू
मंजिरी, ते वाफेनं झालं. बाजारातलं ते पिवळसर ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक. बाटली उघडली की धूर निघतो, आणि तो धूर बंद घरात स्टील, ॲल्युमिनियम, क्रोम, बिजागऱ्या, सगळ्यांवर जाऊन बसतो. संगमरवराचं कारण वेगळं. तो मुळात चुन्याचाच दगड, त्यामुळे ॲसिड त्याचा वरचा थर खाऊनच टाकतं. घासून ते परत येत नाही, पॉलिशवाल्यालाच बोलवावं लागेल.

आता पाऊलखूण यांचं. मी बरीच वर्षं याच कामाची टोळी चालवली, तीन-चार बायका आणि एक मुलगा एवढीच. एक_घाव अर्धं बरोबर बोलतायत. सिमेंटच्या ग्राऊटचा थर ॲसिडनेच निघतो, साबणाने नाही. पण तुमचा थर सिमेंटचाच आहे हे कोणी पाहिलं? पांढरट धुकं चार वेगवेगळ्या गोष्टींचं असू शकतं, आणि चौघांचं औषध वेगळं. आधी तपासा, मग बाटली उघडा.

घरातले दिवे बंद करा. मोबाइलचा टॉर्च फरशीवर आडवा ठेवा, उजेड फरशीला घासून जाईल असा. आता धुकं कुठे आहे, कुठे नाही, त्याचा नकाशाच दिसेल. सांध्यांच्या दोन्ही बाजूंना दाट, लादीच्या मध्यात विरळ, आणि फडक्याच्या गोल फटकाऱ्यांसारखे आकार दिसले, तर ते ग्राऊट आहे. गवंड्याने ग्राऊट भरून ओल्या फडक्याने पुसलं, त्याच्या हाताच्या खुणा तशाच वाळल्यात. सगळीकडे सारखी भुरकी असेल तर ओलसर पांढरं फडकं एकदाच फिरवून बघा. फडकं पांढरं झालं की ती नुसती धूळ, तुमचीच पुसताना पसरलेली.

तिसरा प्रकार लादीच्या कारखान्याचा. पॉलिशच्या लाद्यांवर वाहतुकीत ओरखडे पडू नयेत म्हणून मेणाचा पातळ हात मारलेला असतो. त्यावर पावलं उठतात, पुसलं की चट्टे सरकतात, आणि नखाने खरवडलं तर नखात मेण येतं. त्याला ॲसिड काहीच करत नाही, क्षारयुक्त क्लीनर गरम पाण्यातून लागतो.

चौथा इपॉक्सी ग्राऊटचा. तो तिरप्या उजेडात किंचित तेलकट, चिकट झाकेसारखा दिसतो. त्यालाही ॲसिड लागू पडत नाही. त्याचं खास रिमूव्हर येतं, आणि ग्राऊट भरून जितके दिवस उलटतील तितकं ते कठीण होत जातं.

हे बघून सांगा. मशिनचं नंतर बोलू.

एक_घाव
काकू, तुम्ही फारच शास्त्र काढलंत. सगळे बिल्डर ॲसिडच मारतात. लादीला काही होत नाही.

स्वच्छंद_काकू
लादीला होत नाही, खरंय. सांध्यांना होतं. कोरड्या सांध्यात ॲसिड शोषलं जातं आणि आतून ग्राऊट पोखरतं. काही महिन्यांनी सांधे भुसभुशीत होऊन झाडूबरोबर यायला लागतात. तोवर बिल्डरचा माणूस गेलेला असतो. तुमचा माणूस मात्र सापडतो.

पाऊलखूण
काकू, टॉर्च लावून पाहिलं. काय दिसलं म्हणून सांगू! हॉलमध्ये अगदी तुम्ही म्हणालात तशा गोल फटकाऱ्यांच्या खुणा, सांध्यांजवळ दाट. बेडरूममध्ये सगळीकडे सारखी भुरकी, आणि फडकं पांढरं झालं. म्हणजे दोन खोल्यांत दोन वेगळे प्रकार आहेत का? बेडरूममध्ये आम्ही आधी झाडू मारला होता, मग पोछा. मालकांकडून कळलं की ग्राऊट साधं सिमेंटचंच आहे आणि भरून महिना होऊन गेलाय.

स्वच्छंद_काकू
हो, दोन प्रकार. महिना झालाय ते चांगलं. ताज्या ग्राऊटवर ॲसिड लावायचंच नाही, निदान दहा-बारा दिवस तरी जाऊ द्यायचे.

बेडरूमचं कारण झाडू. नव्या घरातली धूळ म्हणजे घरातली रोजची धूळ नव्हे. घासलेलं पीओपी, पुट्टी, लादी कापताना उडालेली भुकटी. इतकी बारीक की झाडूने निम्मी हवेत जाते आणि तासन्‌तास तरंगून रात्रीतून परत खाली बसते. तुम्ही पुसून घरी जाता, सकाळी मालक येतात आणि पांढरं बोट दाखवतात. नव्या घरात झाडू उंबऱ्याच्या बाहेरच ठेवायचा. व्हॅक्युम, आणि व्हॅक्युम पोचत नाही तिथे ओलसर फडकं. लादी कापल्याच्या भुकटीत सिलिका असते, ती फुप्फुसात जाऊन बसते. तेव्हा एन-९५ मास्क तिघांनीही लावायचा. नाकावर रुमाल बांधून भागत नाही.

व्हॅक्युममध्ये पिशवी लावली आहे ना? नुसत्या घडीच्या फिल्टरवर ही भुकटी घेतली की अर्ध्या तासात ओढ कमी होते. मागच्या बाजूने निघणाऱ्या हवेसमोर काळं फडकं धरून बघा. त्यावर पांढरं आलं तर मशिन धूळ गिळत नाही, नुसती इकडून तिकडे फेकतंय.

पाऊलखूण
पिशवी नव्हती! नुसता फिल्टर होता, आणि तो दर खोलीनंतर आम्ही गॅलरीत झटकत होतो.

हिशेबी
आणि गॅलरीतून ती धूळ खिडकीतून परत आत. छान.

स्वच्छंद_काकू
असू दे हो, पिशवी लावली की सुटेल तो प्रश्न.

हॉलसाठी आता नीट ऐका. सल्फॅमिक ॲसिड घ्या. पांढरे खडे असतात, धूर येत नाही. ग्राऊट काढायची जी तयार द्रावणं मिळतात, त्यांतल्या बऱ्याच जणांत हेच असतं. एक लीटर पाण्यात ५० ग्रॅम. आधी पाणी, मग त्यात खडे, उलटं नाही. रबरी हातमोजे आणि चष्मा. संगमरवर, स्टील, ॲल्युमिनियम असेल तिथे आधी टेप आणि प्लास्टिक लावून झाकून घ्या. आणि एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: त्या दिवशी घरात ब्लीच किंवा ब्लीच असलेलं टॉयलेट क्लीनर उघडायचंसुद्धा नाही. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू होतो. बंद बाथरूममध्ये माणूस गुदमरतो.

दाराआडच्या एका लादीवर आधी करून बघा. लादी आणि सांधे साध्या पाण्याने चांगले भिजवा, म्हणजे सांध्यांची छिद्रं पाण्याने भरतात आणि ॲसिड आत ओढलं जात नाही. वर साचलेलं पाणी पुसून द्रावण पसरा. बारीक बुडबुडे आले तर निदान पक्कं. पाचेक मिनिटं थांबा, वाळू मात्र देऊ नका. मग पांढऱ्या पॅडने घासा. हिरवा पॅड पॉलिशच्या लादीवर अजिबात नको, त्याचे ओरखडे टॉर्चमध्ये आयुष्यभर दिसतील. मळी व्हॅक्युमच्या ओल्या बाजूने ओढून घ्या, मग खाण्याच्या सोड्याचं पाणी फिरवा म्हणजे उरलंसुरलं ॲसिड मरेल, आणि शेवटी दोनदा साध्या पाण्याने. पूर्ण वाळल्यावरच टॉर्च लावून बघा.

आणि घड्याळ लावून करा. ते का, ते तुम्ही आकडा सांगितलात की सांगते.

काचवाला
काकूंचं फरशीचं ऐकून घ्या, मी काचेबद्दल एक सांगतो. मी खिडक्यांच्या फॅब्रिकेशनच्या कामात आहे. धागाकर्त्याने ब्लेडची पट्टी लिहिली आहे, तिथे काळजी घ्या. साफसफाईवाल्यांनी घालवलेल्या जेवढ्या काचा मी बदलल्या, त्यात बहुतेक ब्लेडनेच गेलेल्या.

आधी काचेच्या कोपऱ्यात बारीक शिक्का शोधा. तो असेल तर काच टफन केलेली आहे. टफन करताना काच भट्टीत रोलरवरून जाते, त्या बाजूला काचेचेच सूक्ष्म कण चिकटून भाजले जाऊ शकतात. डोळ्यांना दिसत नाहीत. ब्लेड फिरवलं की कण सुटतो, ब्लेडखाली अडकतो आणि पट्टीच्या रुंदीभर केसासारखी रेघ ओढत जातो. साबणाचं पाणी मारून तळहात फिरवा. एका बाजूला गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूला वाळूसारखं बारीक टोचतंय, तर त्या बाजूला ब्लेड बंद. ब्लेड लावल्यावर करकर आवाज आला तरी तिथेच थांबा.

साध्या काचेवरही ब्लेड नवं हवं, काच सतत ओली हवी आणि पट्टी एकाच दिशेने ढकलायची. मागे आणताना उचलायची. मागे-पुढे घासणारा माणूस दिसला की मी समजतो, नवी काच विकली जाणार.

पाऊलखूण
मग टफन काचेवर सिमेंटचे शिंतोडे असतील तर?

काचवाला
ओलं फडकं चिकटवून अर्धा तास ठेवा. पुट्टी आणि इमल्शन रंग फुगून प्लास्टिकच्या पट्टीने निघतात. खरं सिमेंट कोरड्या काचेवर महिनोन्‌महिने बसलं असेल तर ते काचेला धरलेलं असतं. निघालं तरी खाली फिकट डाग राहतो. तो डाग काढून देतो असं कबूल करू नका. फोटो काढून मालकाला आधी दाखवा.

हिशेबी
मला या धंद्याच्या हिशेबाचं कुतूहल आहे. तीन माणसं एका फ्लॅटला दोन दिवस लावणार असतील तर परवडतं कसं? बाजारात चौरस फुटाचा दर ठरलेला असतो, गिऱ्हाईक फोनवरच विचारतं. ‘आधी येऊन टॉर्च लावतो’ असं म्हणालात तर तो दुसऱ्याला फोन करेल.

पाऊलखूण
काकू, हॉलमध्ये करून बघितलं. बुडबुडे आले!! दोन बाय दोनच्या चार लाद्या, म्हणजे १६ चौरस फूट, भिजवण्यापासून शेवटच्या धुण्यापर्यंत एका माणसाला १० मिनिटं लागली. वाळल्यावर टॉर्च लावला, काहीही नाही. शेजारची लादी अजून धुरकट, ही काळीशार. मालकांना तिथेच उभं करून दाखवलं, ते एकदम शांत झाले. बेडरूम पिशवी लावून व्हॅक्युम केली आणि दोनदा ओलं फडकं मारलं, तीही निघाली.

@हिशेबी, तुमचा प्रश्न मलाही पडलाय.

स्वच्छंद_काकू
बघा, आता तुमचा आकडा कामाला येतो. १६ फुटाला १० मिनिटं. सगळ्या ६०० फुटांवर थर असता तर ३७५ मिनिटं, म्हणजे एका माणसाचे सव्वासहा तास. दोघांनी केलं तर तीन तासांच्या वर थोडं. तुमच्या घरात फक्त हॉलच आहे, म्हणजे फार तर निम्मं. त्यासाठी मशिन विकत घ्यायचं नाही. पूर्ण फ्लॅटभर जाड थर असेल किंवा एकाच मजल्यावरचे चार फ्लॅट मिळाले, तर फिरत्या पॅडचं मशिन एक दिवस भाड्याने आणा. एरवी ते जिन्यातून चढवण्यातच तुमचा मुलगा दमेल.

हिशेबी, फोनवर दर सांगायचा नाही असं मी म्हणत नाही. फोनवर मी साध्या कामाचा दर सांगायचे आणि लगेच पुढचं वाक्य: फरशीवर ग्राऊटचा थर, काचेवर सिमेंट, आणि रंगाचे थेंब असतील तर एक लादी करून, वेळ मोजून, वरचा आकडा सांगीन. गिऱ्हाईक पळत नाही. उलट आधी ‘सगळं त्यात आलं’ म्हणून नंतर वाद घालणारंच पळतं, पैसे न देता.

हिशेबी
ते ठीक. पण दुसऱ्या दिवशीची फेरी मला अजून पटत नाही. पाहणीची वेगळी, कामाची वेगळी, वर तरंगणारी धूळ बसल्यावर परत एक. तिसऱ्या फेरीचे पैसे कोण देतो?

स्वच्छंद_काकू
वेगळे कोणी देत नाही, पहिल्या आकड्यातच धरायचे. ती फेरी दोन तासांची असते आणि दोघांनाच जावं लागतं. पहिल्या दिवशी काम संपलं की खिडक्या बंद करून, पंखे बंद ठेवून निघायचं. सकाळपर्यंत हवेतलं सगळं खाली येतं. मग वरपासून खाली एकदा ओलसर फडकं, आणि फरशी. मालकाला त्यानंतर बोलवायचं, आदल्या संध्याकाळी नाही.

हिशेबी
मी तरी दोन तासांसाठी टोळी परत पाठवणार नाही. त्यापेक्षा पहिल्याच दिवशी दुपारी चारला सगळं थांबवून शेवटचे दोन तास फरशीला ठेवीन. आमच्या ऑफिसच्या नूतनीकरणानंतर तसंच केलं होतं, कोणी तक्रार केली नाही.

स्वच्छंद_काकू
ऑफिसमध्ये दुसऱ्या दिवशी माणसं बुटांनी येतात. नव्या घरात अनवाणी येतात. पण जमत असेल तर करा बापडे.

सदाफुली_
वाचतेय. माझा प्रश्न नव्या फ्लॅटचा नाही, भाडेकरू सोडून गेलेल्या फ्लॅटचा आहे. स्वयंपाकघराच्या टाइल्सवर तेलाचा पिवळा चिकट थर, बाथरूमच्या काचेवर आणि नळांवर पांढरे कडक डाग, कपाटांवर मुलांचे स्टिकर. मी व्हिनेगर सगळीकडे मारलं. नळ जरा बरे झाले, पण स्वयंपाकघराला ढिम्म फरक नाही.

स्वच्छंद_काकू
कारण व्हिनेगरही ॲसिडच, आणि तेलाला ॲसिड कळत नाही. त्याला उलटं, क्षाराचं औषध लागतं. स्वयंपाकघराचं डीग्रीझर मारा, खालून वर, म्हणजे ओघळांचे पट्टे उठत नाहीत. दहा मिनिटं ठेवा, कोमट पाण्याच्या फडक्याने पुसा. जुना थर एका हातात निघत नाही. जोर लावून तारेच्या घासणीने घासण्यापेक्षा दुसऱ्यांदा मारून थांबलेलं बरं. नळांचे डाग पाण्यातल्या क्षारांचे, तिथे व्हिनेगर योग्यच. टिश्यू भिजवून गुंडाळा, १५-२० मिनिटांनी काढा, लगेच धुवा. क्रोमवर रात्रभर ठेवू नका. स्टिकर आधी हेअर ड्रायरने गरम करून सोला, उरलेला गोंद खोबरेल तेलाने, आणि मग साबणाने तेल.

पाऊलखूण, तुमच्यासाठी: सोडलेल्या घरात धूळ कमी पण चिकट काम जास्त. तिथे वेळ स्वयंपाकघर आणि बाथरूम खातात, खोल्या पटकन होतात. चौरस फुटावर दर लावला की अशा घरात तुम्ही बुडता. आणि जाण्याआधी विचारा, वीज आणि पाणी चालू आहे का. भाडेकरू गेल्यावर मीटर बंद केलेला असतो, आणि तुमचं व्हॅक्युम नुसतं शोभेला उरतं.

मंजिरी_४२
काकू, तुमच्या टोळीत चारच माणसं कशी पुरायची? आमच्याकडे सात जण आले होते आणि तरी हे असं.

स्वच्छंद_काकू
सात होते म्हणूनच. एका खोलीत चार जण शिरले की एकाने छत झटकलं, त्याची धूळ दुसऱ्याने पुसलेल्या खिडकीवर. तिघांचं असं चालायचं: एक जण शिडीवर, छत, पंखे, कपाटांचे माथे, भिंती, सगळं कोरडं, व्हॅक्युमच्या लांब नळीने. तो आतल्या खोलीतून सुरू करून दाराकडे येतो. तो एक खोली पुढे गेला की दुसरी मागे शिरते, खिडक्यांचे ट्रॅक आणि कपाटांच्या आत. तिसरी तोपर्यंत बाथरूममध्ये, तिथे दार लावून घेतलं की कोणाची धूळ येत नाही. कोरडं काम सगळ्या घरात संपल्याशिवाय पाण्याची बादली आत आणायची नाही. एकदा का ट्रॅकमध्ये पाणी पडलं की त्यातल्या सिमेंटच्या भुकटीचा चिखल होतो, आणि तो वाळला की टोकरून काढावा लागतो. दुपारनंतर काचा, पण ऊन नसलेल्या बाजूच्या आधी, कारण तापलेल्या काचेवर साबण पुसायच्या आतच वाळतो. शेवटी फरशी, दाराकडे मागे मागे येत.

आणि बादलीतलं पांढरं पाणी बाथरूमच्या जाळीत ओतू नका! ट्रॅपच्या तळाशी गाळ साचतो, आणि त्यात सिमेंट असेल तर तिथेच घट्ट बसतो. पाणी तुंबलं की प्लंबर येतो, तो वाकून बघतो आणि पहिलं नाव तुमचं घेतो. बादली तासभर स्थिर ठेवा, वरचं निवळ पाणी ओता, खालचा गाळ पिशवीत भरून राडारोड्यात.

एक_घाव
ट्रॅपचं हे मात्र खरं. आमचाही तुंबला होता. आम्ही प्लंबिंगवाल्याशी भांडलो.

काचवाला
एक भर. साफसफाई ठरवायच्या आधी मालकाला विचारा, रंगारी आणि सुतार खरंच संपले का. ‘थोडा टचअप बाकी आहे’ असं उत्तर आलं तर तारीख पुढे ढकला. सुताराने एका दाराला एक रंधा मारला की तुमचं सगळं काम पाण्यात, आणि परत मोफत करायला तुम्हालाच बोलावतात.

पाऊलखूण
सगळ्यांचे आभार. हॉल पूर्ण झाला, दोघांना दीड तासापेक्षा थोडं जास्त लागलं. खिडक्यांचे फोटो कामाआधीच काढून मालकांना पाठवले. एका काचेवर आधीपासूनच ओरखडा होता, तो तेव्हाच दाखवता आला.

एक शंका राहिलीच. गॅलरीच्या फरशीवर सांध्यांतून पांढरी पावडर येतेय. पुसली, गेली, चार दिवसांनी पुन्हा आली. टॉर्चमध्ये गोल खुणा नाहीत, फक्त सांध्याच्या रेषेत आहे. ॲसिड लावू का?

स्वच्छंद_काकू
नको. ते फरशीखालच्या ओलाव्यातून वर येणारं मीठ. पाणी वाळतं आणि मीठ सांध्यावर राहतं. कोरड्या ब्रशने झाडून व्हॅक्युम करा, आणि मालकाला सांगा की पाणी कुठून तरी आत शिरतंय. गॅलरीचा उतार, कडेची भेग, वॉटरप्रूफिंग, ते बघणाऱ्याला बोलवा. तुम्ही ॲसिड लावलंत तर आज जाईल, पण सांधा पोकळ होऊन पाणी आणखी आत जाईल.

हिशेबी
म्हणजे हे काम साफसफाईच्या यादीत धरायचं की नाही?

काचवाला
माझ्या मते नाही. यादीत ‘गॅलरीतली पांढरी पावडर’ असं लिहून समोर ‘फक्त झाडून’ असं लिहा. मालकाची सही घ्या.

पाऊलखूण
तेच केलं. मालक सही करायला तयार आहेत, पण बिल्डरशी बोलून झाल्यावर करतो म्हणाले.